चॅनेल उडालं, आता खर्च कशावर करायचा?

कसबा बावड्यात पावसाळा आला की सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडे असतं. पंचगंगेची पातळी तिथं मोजली जाते. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे इथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. आमच्या भागातल्या मुलांनी पुराच्या काळासाठी डिस्कॉर्डवर एक सर्व्हर केला होता. त्यात एक चॅनेल पाण्याच्या पातळीचं, एक गरजेच्या सामानाचं आणि एक कोणत्या घरात कोण म्हातारं माणूस आहे, औषध कुठलं लागतं, याचं. पाणी ओसरल्यावर एका मुलानं आवराआवर करताना हे तिसरं चॅनेल काढून टाकलं. दोन पावसाळ्यांची माहिती एका क्षणात गेली.

त्यानंतर आठवडाभर आम्ही जे शोधलं, ज्यावर पैसे घालवले आणि जे फुकटात मिळालं, ते इथं सांगतो. आमच्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर आलीच, तर त्याचे पैसे तरी वाचावेत.

परत का येत नाही

आपल्याला सवय व्हॉट्सअ‍ॅपची. तिथं चॅट आपल्या फोनमध्ये साठतं, बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, फोन बदलला तरी जुनं बोलणं परत येतं. म्हणून पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच होता, "बॅकअप कुणाच्या फोनात आहे?" कुणाच्याच नव्हता. डिस्कॉर्डचे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात. फोन त्यातलं थोडं मागवून फक्त दाखवतो.

दुसरं कारण साठवणुकीच्या पद्धतीत आहे. डिस्कॉर्डच्या अभियंत्यांनी 2017 मध्ये लिहिलं होतं, की प्रत्येक मेसेज चॅनेलच्या क्रमांकाखाली, ठरावीक दिवसांच्या गठ्ठ्यात ठेवला जातो. म्हणजे मेसेजचा पत्ताच चॅनेलनं सुरू होतो. चॅनेल काढलं की त्या पत्त्यावर जायची वाट सभासदाला, मॉडरेटरला आणि सर्व्हरच्या मालकालाही बंद होते. 'रिसायकल बिन'सारखी जागा तिथं नाही. चॅनेल काढताना अ‍ॅप विचारतं तेव्हाच सांगतं, की हे मागं घेता येणार नाही. बॉट बनवणाऱ्यांसाठीच्या कागदपत्रांतही हेच स्पष्ट लिहिलंय. चॅनेलमधले थ्रेडही त्याच्यासोबत जातात.

त्याच नावाचं नवं चॅनेल बनवून बघू नका. नाव तेच असलं तरी क्रमांक नवा मिळतो, आत काहीच नसतं. आम्ही केलं, रिकामं चॅनेल बघत बसलो.

मॉडरेटरला काय दिसतं

सर्व्हर सेटिंग्जमध्ये `Audit Log` असतो. ज्याच्या रोलला `View Audit Log` ही परवानगी आहे त्यालाच तो उघडतो. आमच्या नोंदीत तीन गोष्टी होत्या : काढणाऱ्याचं नाव, चॅनेलचं नाव आणि वेळ. आत काय लिहिलं होतं, त्यातली एक ओळही नव्हती. हा लॉग कोणी काय केलं याची वही आहे, बोलण्याची नाही. आणि ही वही 45 दिवसांचीच असते. नोंद पाहिजे असेल तर लगेच स्क्रीनशॉट घ्या.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. मॉडरेटरनं दुसऱ्याचा मेसेज काढला तर लॉगमध्ये येतं, पण माणसानं स्वतःचा मेसेज स्वतः काढला तर येत नाही. म्हणून लॉगमध्ये काही नाही याचा अर्थ काही घडलं नाही, असा काढू नका.

आमच्या लॉगनं एक काम मात्र केलं. "कुणीतरी मुद्दाम केलं" ही कुजबूज तिथल्या तिथं थांबली. मुलाला कॅटेगरी काढायची होती, त्यानं चुकून चॅनेलवर बोट ठेवलं. कॅटेगरी काढली असती तर आतली चॅनेल शाबूत राहिली असती, फक्त गटाबाहेर आली असती.

बॉटवाल्यांची एक गफलत

"आपल्या सर्व्हरवर लॉगिंग बॉट आहे, त्यात काढलेले मेसेज असतील," असं एकानं सांगितलं. आम्ही बघितलं, त्यात त्या चॅनेलचं काहीच नव्हतं. एखादा मेसेज काढला की डिस्कॉर्ड बॉटला कळवतं. अख्खं चॅनेल काढलं की मात्र "चॅनेल गेलं" एवढा एकच निरोप जातो, आतल्या प्रत्येक मेसेजचा वेगळा निरोप जात नाही. म्हणून काढल्यावर नोंद घेणारा बॉट इथं कामाला येत नाही. मेसेज आला त्याच वेळी दुसरीकडे प्रत ठेवणारा बॉट असेल, तरच काही हाताला लागतं, तेही तो बसवल्या दिवसापासूनचं.

आम्हाला काय सापडलं

तुकडे सापडले. काही मेसेज दुसऱ्या चॅनेलमध्ये फॉरवर्ड केलेले होते, त्यांचा मजकूर राहिला होता. दोघांच्या फोनवर स्क्रीनशॉट होते. एकाच्या अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी आधीच चालू होती, तिथं मागच्या चोवीस तासांतले निरोप दिसले. बाकीचं आम्ही दारोदार फिरून पुन्हा विचारलं. तीन संध्याकाळी गेल्या.

कशाला किती लागतं

- ऑडिट लॉग : शून्य रुपये, पाच मिनिटं. पहिलं काम हेच.
- स्वतःचा डेटा मागवणं : सेटिंग्जमधल्या `Data & Privacy` मधून फुकट. यायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यात फक्त मागवणाऱ्यानं स्वतः लिहिलेलं असतं, इतरांचं बोलणं नसतं.
- नायट्रो किंवा सर्व्हर बूस्ट : यासाठी एक रुपयाही घालू नका. पैसे भरल्यानं काढलेलं चॅनेल परत येत नाही.
- "रिकव्हरी करून देतो" म्हणणारे : आमच्यातल्या एकाकडून दीड हजार आगाऊ घेतले, मग लॉगिन मागितलं. देऊ नका. अकाउंटही जाईल. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.
- आधीच प्रत काढून ठेवणं : फुकटच्या एक्स्पोर्ट साधनानं, स्वतःचा बॉट जोडून, महिन्यातून अर्धा तास. फोटो वेगळे उतरवून घ्यायचा पर्याय निवडा, नुसत्या लिंका पुढं चालत नाहीत. आपलं वैयक्तिक अकाउंट अशा साधनाला जोडू नका, ते नियमाविरुद्ध आहे. आणि प्रत ठेवताय हे सभासदांना सांगा.

काढण्याआधी

छळाचा किंवा धमकीचा मेसेज असेल तर आधी अ‍ॅपमधून रिपोर्ट करा, स्क्रीनशॉट घ्या, मगच काढा. चॅनेल गेल्यावर रिपोर्ट करायला मेसेजच उरत नाही.

नको असलेलं चॅनेल काढण्याऐवजी `@everyone` ला `View Channel` नाकारा. ते साध्या सभासदांपासून लपतं, पण आतलं राहतं. `Manage Channels` परवानगी एक-दोघांकडेच ठेवा आणि मॉडरेटरसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची करा.

आमच्याकडे आता औषधांची आणि म्हाताऱ्या माणसांची यादी कागदावर आहे. मृग लागायच्या आधी एक जण ती घरोघर जाऊन तपासतो. सर्व्हरवर तिची प्रत असते, मूळ नाही.