फ्लोट दोघांचा, पण एकच

प्रश्न : घराच्या कामाचे नेटवर्क मांडले. पाया ५ दिवस. त्यानंतर एकीकडे भिंती १० आणि छप्पर ६; दुसरीकडे सेप्टिक टँकची खोदाई ४ आणि बांधकाम ७. शेवटी नळजोडणी ३. खोदाई आणि टँक, दोन्हींचा फ्लोट ५ आला. म्हणजे या बाजूला १० दिवस सवड आहे ना?

उत्तर : नाही, सवड ५ दिवसांचीच आहे. तुमचे गणित मात्र बरोबर आहे.

पुढे मोजत जाताना छप्पर २१व्या आणि टँक १६व्या दिवशी संपतो. नळजोडणी दोन्हींवर अवलंबून, म्हणून मोठा आकडा घ्यायचा : २१. काम २४व्या दिवशी पूर्ण. आता उलटे या. टँक उशिरात उशिरा २१ला संपला तरी चालेल, म्हणजे तो १४ला आणि खोदाई १०ला सुरू व्हायला हवी. पायापाशी भिंतींचा ५ आणि खोदाईचा १० असे दोन आकडे भेटतात. इथे लहान घ्यायचा. चुकून १० घेतलात, तर पायालाही खोटा फ्लोट दिसेल.

पाया, भिंती, छप्पर, नळजोडणी यांचा फ्लोट शून्य. हाच क्रिटिकल पाथ.

खोदाई ३ दिवस रखडली, तर टँकसाठी २ उरतात. म्हणून खोदाईवाल्याला ‘५ दिवस आहेत’ असे सांगू नका. विलंब झाला की उरलेला फ्लोट पुन्हा काढा. तो उणे आला, तर २४वा दिवस हुकणार हे समजा.