आधी पाच रकाने, मग फ्लोचार्ट

हॉस्पिटलमधला डिस्चार्जचा उशीर कमी करायचं काम तुझ्याकडे आलंय, हे कळलं. अशा वेळी पहिली ओढ असते ती भिंतीवर मोठा कागद लावून फ्लोचार्ट काढायची. ती थोडी आवर. आमच्या वरिष्ठांनी आम्हाला जे शिकवलं तेच तुला सांगते: आधी एका पानावर पाच रकान्यांचा तक्ता कर. पुरवठादार, इनपुट, प्रक्रिया, आउटपुट, ग्राहक. सिक्स सिग्मावाले इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सायपॉक म्हणतात. काम कुठे सुरू होतं, कुठे संपतं, त्यात काय येतं आणि त्यातून काय बाहेर पडतं, एवढंच हा तक्ता सांगतो. ते ठरलं नसेल तर फ्लोचार्ट पसरतच जातो. कोणी त्यात ॲडमिशन घालतं, कोणी ऑपरेशन थिएटर. चित्र मोठं होतं, उशीर तेवढाच राहतो.

आधी दोन टोकं बांध. डिस्चार्ज नेमका कधी सुरू होतो, हे तिघांना वेगवेगळं विचार. नातेवाईक म्हणतील, काल संध्याकाळी डॉक्टर ‘उद्या घरी’ म्हणाले तेव्हा. सिस्टर म्हणतील, राउंडला फाइलवर ऑर्डर लिहिली तेव्हा. बिलिंगवाले म्हणतील, फाइल आमच्याकडे आली तेव्हा. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच त्यांचे उशिराचे आकडे कधी जुळत नाहीत. ज्या घटनेची वेळ नोंदवता येते तीच टोक म्हणून घे. सुरुवात: फाइलवर डिस्चार्जची ऑर्डर लिहिली ती वेळ. शेवट: पेशंट खोलीबाहेर पडला ती वेळ. खोलीची सफाई हद्दीबाहेर. या तीन ओळी तक्त्याच्या डोक्यावर लिही, म्हणजे पुढे वाद झाला की बोट ठेवायला जागा राहते.

मधल्या रकान्यापासून भर. कागदावर पुरवठादार पहिला असला तरी भरायची सुरुवात प्रक्रियेपासून कर. पाच ते सात टप्पे पुरे. ‘कॅशलेस असेल तर असं, नसेल तर तसं’ अशी वाक्यं यायला लागली की समज, तू फ्लोचार्टमध्ये शिरलीस, मागे ये. टप्पे झाले की उजवीकडे जा: काय बाहेर पडतं, ते कोण घेतं. शेवटी डावीकडे: त्यासाठी काय लागतं, ते कोण देतं. तुझा तक्ता साधारण असा दिसेल:

| पुरवठादार | इनपुट | प्रक्रिया | आउटपुट | ग्राहक |
|---|---|---|---|---|
| उपचार करणारे डॉक्टर | राउंडमधला निर्णय | ऑर्डर लिहिणे | लेखी ऑर्डर | सिस्टर, आरएमओ |
| सिस्टर | न वापरलेली औषधं, परतीची नोंद | औषधं परत करणे | वजावट झालेला औषधांचा हिशेब | बिलिंग |
| लॅब, आरएमओ | बाकी रिपोर्ट, केसपेपर | डिस्चार्ज कार्ड करणे | सही झालेलं कार्ड | पेशंट, टीपीए, पुढे तपासणारे डॉक्टर |
| वॉर्ड, फार्मसी, लॅब | सगळे चार्जेस | बिल करणे | अंतिम बिल | नातेवाईक, टीपीए |
| नातेवाईक, टीपीए | पैसे किंवा मंजुरी | हिशेब मिटवणे | पावती, सोडण्याची परवानगी | वॉर्ड |
| वॉर्ड, फार्मसी | परवानगी, कार्ड, घरची औषधं | समजावून पेशंटला सोडणे | माहिती घेऊन निघालेला पेशंट, बेड रिकामा झाल्याचा निरोप | नातेवाईक, सफाई विभाग, ॲडमिशन काउंटर |

आउटपुट हातात देता आलं पाहिजे. ‘फॉलोअप करणे’ हे आउटपुट नव्हे, ते काम आहे. सही झालेलं कार्ड हे आउटपुट. शेवटच्या ओळीतला निरोप बघ. सफाई आपण हद्दीबाहेर ठेवली, म्हणून सफाई विभाग विसरायचा नाही. तो आपला ग्राहक झाला. पेशंट गेल्याचं त्यांना कोण कळवतं, हा प्रश्न ग्राहकाचा रकाना भरताना उभा राहतो. नुसता फ्लोचार्ट काढला असता तर चित्र पेशंटपाशीच संपलं असतं.

प्रत्येक इनपुटसमोर अट लिही. तक्त्यात जागा नसेल तर खाली लिही. नुसतं ‘रिपोर्ट’ लिहून काही कळत नाही. ‘ऑर्डर लिहिताना सगळे बाकी रिपोर्ट फाइलमध्ये’ असं लिहिलं की ती अट पाळली जाते की नाही, हे दहा फाइली उघडून तपासता येतं. औषधांचंही तसंच. परतीची नोंद फार्मसीने घेईपर्यंत बिल बंद होत नाही, म्हणून अट लिही: ‘ऑर्डरनंतर अर्ध्या तासात औषधं फार्मसीत.’ हा अर्धा तास फार्मसी आणि सिस्टरनी मिळून ठरवायचा, तू नव्हे. आणि कॉम्प्युटर, प्रिंटर, कर्मचारी इनपुटमध्ये घालू नकोस. ते कायम तिथेच असतात. इनपुट म्हणजे प्रत्येक पेशंटगणिक नव्याने येणारी गोष्ट.

एकच नाव दोन्हीकडे आलं तर खोडू नकोस. टीपीए आपल्या बिलाची आणि कार्डाची ग्राहक आहे आणि मंजुरीची पुरवठादारही. इथे तुझ्या कामाची खरी सीमा दिसते. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024च्या परिपत्रकानुसार, हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून 3 तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. पण हे घड्याळ विनंती पोचल्यावर सुरू होतं. ऑर्डरपासून विनंती जाईपर्यंतचा वेळ पूर्णपणे आपला. म्हणून कॅशलेस पेशंटसाठी हे दोन तुकडे वेगळे मोज आणि व्यवस्थापनाला शब्द द्यायचा तो पहिल्या तुकड्याबद्दलच.

एकटीने भरू नकोस. वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, आरएमओ, फार्मसी, बिलिंग आणि टीपीए डेस्क यांतला एकेक माणूस तासभर एकत्र बसव. रकान्यात व्यक्तीचं नाव नको, पद लिही. नाव लिहिलं की चर्चा कामावरून माणसावर जाते. कोणी उपाय सुचवला, ‘बिल आदल्या रात्रीच करा’ म्हणाला, तर तो वेगळ्या कागदावर टिपून ठेव. तक्त्यात आज जे घडतं तेच येऊ दे.

भरून झाल्यावर आडवं वाच. ज्या आउटपुटला ग्राहक सापडत नाही ते एकतर निरर्थक आहे किंवा तू कोणाला तरी विसरलीस. ज्या इनपुटला पुरवठादार नाही ते कोणाचीच जबाबदारी नाही. बाकी रिपोर्ट मागवायचे कोणी, सिस्टरने की आरएमओने, हे अनेक ठिकाणी असंच लोंबकळत असतं. एकाच इनपुटला दोन पुरवठादार दिसले तर दोघंही दुसऱ्याची वाट पाहत असण्याची शक्यता धर.

आता या तक्त्याला काय दिसत नाही तेही लक्षात ठेव. कार्ड टायपिंगहून डॉक्टरांकडे, दुरुस्तीसाठी परत, पुन्हा सहीसाठी, ही ये-जा इथे दिसणार नाही. फाइल किती वेळ नुसती पडून होती, तेही नाही. त्यासाठी फ्लोचार्टच हवा. पण तो सहाही टप्प्यांचा काढू नकोस. आधी आठवडाभरातल्या डिस्चार्जच्या फाइलींतून प्रत्येक टप्पा संपल्याची वेळ लिहून काढ. सगळ्यांत जास्त वेळ ज्या टप्प्यात जातो, समजा डिस्चार्ज कार्डात, तेवढ्याच टप्प्याचा बारीक फ्लोचार्ट काढ. त्याची सुरुवातीची चौकट त्या ओळीतल्या इनपुटची असेल, शेवटची चौकट आउटपुटची. दोन्ही टोकं तक्त्याशी जुळली की समज, चित्र हद्दीत आहे. जुळली नाहीत तर पुढे काढायच्या आधी तक्ता दुरुस्त कर आणि त्याच पाच जणांना दाखव.