सेकंट आणि कोसेकंट यांचे आलेख

साइन आणि कोसाइन यांचे लाटेसारखे आलेख आपल्यापैकी पुष्कळांना काढता येतात. पण सेकंटचा आलेख काढा म्हटले, की विद्यार्थी कोष्टक उघडून एकेक बिंदू मांडू लागतात आणि ९० अंशांपाशी येऊन थबकतात. मी मात्र सेकंटचे कोष्टक उघडतच नाही. आधी कोसाइनची लाट पेन्सिलीने तुटक रेषेत काढतो आणि तिच्यावरूनच सेकंटचा वक्र उभा करतो. ती रीत येथे सांगतो.

सेकंट म्हणजे १ भागिले कोसाइन. एवढ्यावरून तीन गोष्टी कळतात. कोसाइन धन तेथे सेकंटही धन, आणि ऋण तेथे ऋण. कोसाइन १ किंवा उणे १ असेल तेथे सेकंटही तेवढाच. म्हणजे लाटेच्या शिखरांना आणि तळांना नवा वक्र स्पर्श करतो. इतरत्र कोसाइनची किंमत, चिन्ह सोडून पाहिल्यास, १ पेक्षा लहान असते, म्हणून सेकंटची १ पेक्षा मोठी होते. तेव्हा १ आणि उणे १ यांच्यामधल्या पट्ट्यात सेकंटचा एकही बिंदू येत नाही.

आता कोसाइन शून्य होतो तेथे काय घडते ते पाहू. ८० अंशांचा सेकंट सुमारे ५.७६, ८५ अंशांचा ११.४७ आणि ८९ अंशांचा ५७.३ आहे. ९० अंशांवर शून्याने भागावे लागते, म्हणून किंमतच नाही. ९१ अंशांवर ती एकदम उणे ५७.३ होते. म्हणून लाट क्ष-अक्षाला जेथे छेदते, त्या ९०, २७० अशा प्रत्येक ठिकाणी एक उभी तुटक रेषा काढावी. हीच अनंतस्पर्शी रेषा. वक्र तिच्या हवा तितका जवळ जातो, पण तिला कधी मिळत नाही. डावीकडची शाखा वर जाते आणि उजवीकडची खालून येते; त्या दोन्ही एका रेघेने जोडणे ही नेहमीची चूक होय.

या रेषांमुळे कागदाचे १८० अंश रुंदीचे पट्टे पडतात. ज्या पट्ट्यात शिखर आहे तेथे शिखरापासून दोन्ही बाजूंना वर चढणारी शाखा काढावी. ज्यात तळ आहे तेथे तळापासून खाली उतरणारी. ६० अंशांवर २ आणि १२० अंशांवर उणे २ हे बिंदू ताळ्यासाठी पुरेत. ही शाखा दिसते पॅराबोलासारखी, पण तो पॅराबोला नव्हे. पॅराबोलाचे बाहू सतत फाकत जातात; ही शाखा आपला पट्टा कधी सोडत नाही.

कोसेकंटसाठी हेच सारे साइनच्या लाटेवर करावे. तेथे अनंतस्पर्शी रेषा ०, १८० आणि ३६० अंशांवर येतात. ९० अंशांवरची शाखा वर आणि २७० अंशांवरची खाली उघडते. सेकंटचा आलेख ९० अंश उजवीकडे सरकवला की कोसेकंट मिळतो.

खरी परीक्षा पुढल्या उदाहरणात आहे : य = १ + २ सेक २क्ष. आधी य = १ + २ कोसाइन २क्ष ही लाट काढू. तिची मध्यरेषा य = १ आहे. शिखर ० अंशांवर ३ उंचीवर, तळ ९० अंशांवर उणे १ वर आणि पुढचे शिखर १८० अंशांवर येते. ही लाट क्ष-अक्षाला ६० आणि १२० अंशांवर छेदते, म्हणून पुष्कळ जण अनंतस्पर्शी रेषा तेथे काढतात. पण ६० अंश घालून पाहा : १२० अंशांचा सेकंट उणे २, म्हणून य = १ – ४ = उणे ३. येथे निश्चित किंमत मिळते, तेव्हा ही अनंतस्पर्शी रेषा नव्हे. शून्य व्हायला हवा तो कोसाइन २क्ष, संपूर्ण लाट नव्हे. आणि तो लाट मध्यरेषेला छेदते तेथे, म्हणजे ४५ आणि १३५ अंशांवर, शून्य होतो. या दोन रेषांमध्ये उणे १ पासून खाली उतरणारी शाखा येते; त्यांच्या बाहेरच्या शाखा ३ पासून वर चढतात.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी हा वक्र नकळत पाहिलेला असतो. मर्केटरच्या १५६९ च्या नकाशात कोणत्याही अक्षांशावरील लहान अंतर त्या अक्षांशाच्या सेकंटपटीने ताणले जाते. एडवर्ड राइट यांनी १५९९ मध्ये सेकंटच्या किमती लहान लहान अंतरांनी मिळवत जाऊन त्यासाठी कोष्टक प्रसिद्ध केले. विषुववृत्तावर ही पट १ असते, ६० अंशांवर २, म्हणून तेथील क्षेत्रफळ चौपट दिसते. ध्रुव ९० अंशांवर, म्हणजे नेमका आपल्या अनंतस्पर्शी रेषेवर आहे. म्हणूनच कागद कितीही उंच घेतला तरी त्या नकाशात ध्रुव मावत नाही.