झोपण्याआधीचा अर्धा तास

ताईंनो, समजा घाटकोपरच्या असल्फा वस्तीतल्या एका ताईला पाणी भरायला पहाटे पाचला उठायचं आहे. सात तास झोप हवी, तर दहाला पाठ टेकायला हवी. म्हणून साडेनऊला तिने हे सुरू करावं.

पहिली दहा मिनिटं: उद्याची कामं, गटाचा हप्ता वहीत लिहून ठेवा. फक्त यादी करा. हिशेब जुळवायला बसलात तर डोकं पुन्हा कामाला लागतं.

पुढची दहा: कोमट पाण्याने हातपाय धुवा. हातापायांकडे रक्त वाढतं, अंगातली उष्णता बाहेर पडते. शरीर आतून थंड होऊ लागलं की झोप येते.

शेवटची दहा: मोठा दिवा बंद करून वाती वळा किंवा जप करा.

मालिका आणि मोबाइलही विसाव्यासारखेच वाटतात. फरक असा ओळखा: संपल्यावर ‘अजून थोडं बघू’ वाटलं, तर ते जागं ठेवणारं. हात मंदावले, जांभई आली, तर शांत करणारं. एकाच खोलीत टीव्ही चालू असेल, तर आवाज कमी करायला सांगा आणि त्याच्याकडे पाठ करून बसा.

झोप आली नाही तर तळमळत पडू नका, उठून पुन्हा वाती वळा. महिनाभर असंच चाललं, तर दवाखान्यात दाखवा.