लेकीकडे महिनाभर: रेल्वेचं कार्ड काढावं का?

अगं शालू, लेस्टरला लेकीकडे, पूर्वाकडे महिनाभर चाललीस आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून तिकडचं रेलकार्ड आधीच काढून ठेवणार म्हणतेस. जरा थांब. कार्ड चांगलंच आहे, पण तुम्हा दोघांना, तुला आणि विलासरावांना, ते परवडेल का, हे आधी कागदावर मांडून बघू.

आपल्याकडे सुरत–नवसारी अपडाऊन करणारे काढतात तसा हा पास नव्हे. पास हातात असला की महिनाभर तिकिटाची चिंता नसते. तिथे कार्ड असलं तरी प्रत्येक प्रवासाला तिकीट काढावंच लागतं, ते फक्त एक तृतीयांशाने स्वस्त मिळतं. आणि आपल्या रेल्वेत मार्च २०२०पर्यंत ज्येष्ठांना नुसत्या वयावर सवलत मिळायची, तसंही तिथे नाही. सवलत हवी तर कार्डाचे पैसे आधी मोजायचे.

मार्च २०२५पासून या कार्डाची किंमत ३५ पौंड झाली आहे. तिसरा हिस्सा सुटतो म्हणजे कार्डाचे पैसे वसूल व्हायला १०५ पौंडांची तिकिटं लागतात. हा आकडा लक्षात ठेव. आणि ही १०५ म्हणजे कार्ड नसताना तू खरोखर जे तिकीट घेतलं असतंस त्याची किंमत, आयत्या वेळच्या महागड्या तिकिटाची नव्हे. आठवडे आधी काढलेलं अ‍ॅडव्हान्स तिकीट मुळातच स्वस्त असतं, मग त्यातला तिसरा हिस्साही लहानच.

तुमच्यासाठी दोन कार्डं आहेत. विलासराव साठीच्या पुढचे, त्यांना सीनियर रेलकार्ड मिळेल. पण ते एकट्याचं, तुझं तिकीट पूर्णच राहील. दुसरं टू टुगेदर, ३५ पौंडांत दोघांचं मिळून एक. त्यावर दोघांची नावं आणि फोटो असतात आणि दोघांनी एकत्रच प्रवास करायचा असतो.

समज, तुम्ही दोघं लंडनला जाऊन आलात आणि एकदा यॉर्कला, आणि दोघांची मिळून तिकिटं १८० पौंडांची झाली. टू टुगेदरवर ६० सुटतील, कार्डाचे ३५ वजा जाता २५ पौंड हाती राहतील. तेच सीनियर कार्ड घेतलं तर विलासरावांच्या ९० पौंडांवर ३० सुटतील, म्हणजे पाच पौंड खिशातूनच गेले. आणि लंडनचा बेत रद्द होऊन नुसतं यॉर्कचं ६० पौंडांचं तिकीट निघालं, तर टू टुगेदरवरही २० सुटून १५चा तोटाच.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ती सांगते. शनिवार-रविवारी पूर्वा तुमच्याबरोबर असणार, म्हणजे तुम्ही तिघं. तीन ते नऊ जण एकत्र निघाले तर तिथल्या बऱ्याच रेल्वे कंपन्या गर्दीची वेळ सोडून ग्रुपसेव्ह नावाची एक तृतीयांशाचीच सवलत देतात, आणि तिला कुठलंही कार्ड लागत नाही. सगळ्या कंपन्या देत नाहीत, अ‍ॅडव्हान्स तिकिटांवरही ती बहुधा नसते, म्हणून तिकीट काढताना पूर्वाला बघायला सांग. पण जिथे ती मिळते तो प्रवास १०५च्या हिशेबात धरूच नकोस. पूर्वा कामावर असताना तुम्ही दोघंच जाल, तेवढाच प्रवास कार्डाच्या खात्यात मांड.

त्यातही वेळ सांभाळायला हवी. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या प्रवासाला टू टुगेदर चालत नाही. विलासरावांना पहाटेची गाडी धरायची सवय आहे, त्यांना आधीच सांगून ठेव. आणि लंडनच्या मेट्रोत फिरताना ऑयस्टर कार्डाला सीनियर रेलकार्ड जोडून घेता येतं, टू टुगेदर जोडता येत नाही. म्हणून लंडनमधला फिरण्याचा खर्च वेगळा धर.

तिकीट स्वस्त मिळालं तरी प्रवासात कार्ड जवळ हवंच. डिजिटल कार्ड फोनमध्ये असतं आणि तिकीट तपासनीसाने मागितल्यावर फोन बंद असला तर सवलत धरली जात नाही, वर दंडही होऊ शकतो. पॉवर बँक सोबत ठेव.

आज रात्री पूर्वाला फोन कर आणि तुम्ही दोघंच जाणार त्या गावांची यादी दिवसासकट करून घे. प्रत्येकापुढे दोघांच्या तिकिटाची आजची किंमत लिहा. बेरीज १०५च्या आत आली तर कार्डाचा विचार सोड. दीडशेच्या वर गेली तर निश्चिंत काढ. मधे कुठे अडकली, तर पुढच्या बारा महिन्यांत तुमची पुन्हा फेरी होणार आहे का बघ. कार्ड वर्षभर चालतं. फेरी नक्की असेल तरच घे, नाहीतर ते ३५ पौंड जेवणाखाणाला ठेव.