काउंटडाउन नेमका कोणत्या तारखेचा?

कॉलेज फेस्टच्या काउंटडाउनमध्ये सगळ्यात महत्त्वाची तारीख फेस्टची नसते. नावनोंदणी बंद होण्याची असते. हे मला प्रसिद्धीच्या टीममध्ये राहून नाही, नोंदणीच्या टेबलावर बसून कळलं.

त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फेस्टची प्रसिद्धी जोरात होती. एकवीस दिवस आधीपासून रोज संध्याकाळी इन्स्टाग्रामवर एक पोस्ट पडायची. गडद पार्श्वभूमी, मधोमध भला मोठा आकडा, खाली ‘दिवस बाकी’. डिझाइन खरोखर देखणं होतं आणि लाइक्सही भरपूर यायचे. माझ्यासमोर मात्र गूगल फॉर्मची उत्तरं जमा होणारी शीट उघडी असायची. तिच्या पहिल्या रकान्यात प्रत्येक नोंदीची तारीख आणि वेळ आपोआप पडते. पोस्ट संध्याकाळी सातला पडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या रकान्यात एक ओळही वाढलेली नसायची. पहिले दोन आठवडे असेच गेले. मग शेवटच्या दोन दिवसांत फॉर्म भराभर भरले गेले, पण रांगोळी, मेहंदी, काव्यवाचन अशा एकट्याने करायच्या स्पर्धांचेच. पथनाट्य आणि समूहनृत्याला मोजके संघ आले. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी टेबलाशी येऊन म्हणाली, “ताई, पथनाट्य आहे हे मला आज कळलं. आता दोन दिवसांत संघ कुठून उभा करू?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोस्टवरचा आकडा ती रोज पाहत होती, पण त्या आकड्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं. त्यानंतरही दरवर्षी ज्युनिअर्सबरोबर बसून ते आखत आले. त्यातून जे हाती लागलं, ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट फीडची. इन्स्टाग्राम फीडमधल्या पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवत नाही. २०१६ पासून तिथला क्रम तुम्ही काय पाहता, कोणाशी जास्त बोलता यावर ठरतो. त्यामुळे सोमवारी टाकलेली ‘९ दिवस बाकी’ ही पोस्ट एखाद्याला बुधवारी दिसते, तेव्हा प्रत्यक्षात सातच दिवस उरलेले असतात. त्यात पोस्टरवर तारीख नसेल तर तो वाचणारा चुकीचा हिशेब करून पुढे सरकतो. आमच्याकडे आणखी एक घोळ व्हायचा. दोन डिझायनर आलटून पालटून पोस्टर करत, एकजण फेस्टचा पहिला दिवस धरून मोजायचा, दुसरा तो सोडून. एकच आकडा सलग दोन दिवस आल्यावर कमेंटमध्ये ‘नक्की कधी आहे?’ हे प्रश्न सुरू झाले.

म्हणून उरलेल्या दिवसांचा आकडा स्टोरीत ठेवा. स्टोरी चोवीस तासांत जाते, त्यामुळे तिथला आकडा शिळा होत नाही. फीडवरच्या पोस्टवर आकडा नको, तारीख आणि वार हवा. शिवाय फीडवर रोज पोस्ट टाकायची गरजच नाही. तीन आठवड्यांत आठ-दहा पोस्ट पुरतात, फक्त प्रत्येक पोस्ट पाहून कोणीतरी काहीतरी करायला उठलं पाहिजे.

हे कसं आखायचं ते एका कॅलेंडरवर दाखवते. समजा फेस्ट शुक्रवार ६ आणि शनिवार ७ फेब्रुवारीला आहे. स्पर्धांच्या वेळा लावणं, परीक्षकांना याद्या देणं, हॉल वाटणं यासाठी चार-पाच दिवस लागतात, म्हणून नोंदणी शनिवारी ३१ जानेवारीला बंद करावी लागते. काउंटडाउन मोजायचा तो इथून मागे.

पथनाट्याच्या संघाला विषय ठरवून, लिहून, बसवायला किमान दोन आठवडे हवेत. समूहनृत्याचंही तसंच, त्यात कपडे भाड्याने आणायचे असतात. म्हणजे या दोन स्पर्धांची पूर्ण नियमावली, म्हणजे संघात किती जण, वेळ किती मिनिटं, संगीत कोणत्या स्वरूपात द्यायचं, हे सगळं पहिल्याच दिवशी, शुक्रवारी १६ जानेवारीला बाहेर पडायला हवं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. पहिले चार-पाच दिवस ‘काहीतरी मोठं येतंय’ असलं गूढ वातावरण तयार करण्यात जातात आणि नियमावली दुसऱ्या आठवड्यात येते. ज्यांना सगळ्यात जास्त वेळ हवा, त्यांचाच वेळ यात खर्च होतो. मला या गूढ पोस्ट अजिबात पटत नाहीत. फेस्ट दरवर्षी होतो हे सगळ्यांना माहीत असतं. यंदा त्यात काय आहे, हे त्यांना हवं असतं.

आता बाहेरच्या कॉलेजांचे संघ. त्यांना बहुतेक ठिकाणी प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणावं लागतं. या कॅलेंडरवर २४ जानेवारी शनिवार, २५ रविवार आणि २६ ला प्रजासत्ताक दिन. म्हणजे शुक्रवारी २३ तारखेला पत्र हातात पडलं नाही, तर कॉलेजचं ऑफिस थेट मंगळवारी २७ ला नीट सुरू होणार आणि नोंदणीला चारच दिवस उरणार. पत्राची आठवण करून देणारी पोस्ट म्हणून मंगळवारी २० तारखेला जायला हवी. पत्राचा मजकूर कसा असावा, त्याचा एक नमुनाही तिच्यात जोडा. पत्राचा नमुना असलेली पोस्ट लाइक्स मिळवत नाही, पण संघनायक ती सेव्ह करतात आणि आपल्या ग्रुपवर पाठवतात. आणि २६ जानेवारीला स्वतःची पोस्ट टाकूच नका. त्या दिवशी सगळ्यांचं फीड तिरंग्याने भरलेलं असतं. ध्वजवंदनाला मुलं कॉलेजात येतात, तेव्हा फाटकाशी फॉर्मचा क्यूआर कोड लावलेला एक फलक त्यापेक्षा जास्त कामाला येतो.

एकट्याने करायच्या स्पर्धा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सांगितल्या तरी चालतं. रांगोळी काढणारा चार दिवस आधी ठरवू शकतो.

३१ जानेवारीनंतर तुमचा वाचक बदलतो. स्पर्धकांचं काम झालेलं असतं, आता प्रेक्षकांशी बोलायचं असतं. त्यांना हवं ते फार साधं असतं. कोणत्या वेळी यायचं, कोणत्या गेटने, ओळखपत्र लागेल का, बाहेरच्या मित्राला आणता येईल का, संध्याकाळचा कार्यक्रम किती वाजता संपेल आणि शेवटची बस मिळेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तर लांबून येणाऱ्या मुलींना घरी सांगायला आधार मिळतो. माझ्या पाहण्यात या एका ओळीने प्रेक्षकांत जितका फरक पडला, तितका कुठल्याही पाहुण्याच्या फोटोने पडला नाही.

पाहुण्यांचं निघालंच आहे तर एवढंच सांगते. लेखी होकार आणि ठरलेलं मानधन हातात येईपर्यंत नावाकडे इशाराही करू नका. लोक अंदाज बांधतात, तो खोटा ठरला की राग सगळ्या फेस्टवर निघतो.

स्टोरीतल्या काउंटडाउन स्टिकरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो जवळजवळ सगळेच चुकीच्या वेळेला लावतात. या स्टिकरला तुम्ही नाव आणि संपण्याची वेळ देता. पाहणाऱ्याने त्यावर टॅप करून आठवण चालू केली, की काउंटडाउन संपताना त्याला सूचना जाते. आता स्टिकरची वेळ ६ फेब्रुवारी सकाळी दहा अशी ठेवली, तर ती सूचना उद्घाटन सुरू होताना मिळेल. नोंदणीसाठी तिचा काडीचा उपयोग नाही. त्याऐवजी ‘आज नोंदणीचा शेवटचा दिवस’ असं नाव द्या आणि वेळ ३१ जानेवारी सकाळी नऊची ठेवा. फॉर्म रात्रीपर्यंत चालू असेल, तर सूचना मिळालेल्याच्या हातात अख्खा दिवस असतो. प्रेक्षकांसाठी दुसरा स्टिकर वेगळा करा आणि तो ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी संपवा, म्हणजे सकाळी निघायची तयारी आदल्या रात्री होते.

पुढची काळजी पोस्टरवर काय छापायचं याची. पोस्ट एकदा टाकली की कॅप्शन दुरुस्त करता येते, चित्र बदलता येत नाही. चित्रात चूक निघाली तर पोस्ट काढून नवी टाकावी लागते, आणि तोवर जुन्याचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरत असतात. हॉल आणि वेळ शेवटपर्यंत बदलत राहतात, म्हणून त्या गोष्टी कॅप्शनमध्ये आणि गूगल फॉर्मच्या वरच्या माहितीत लिहा. उलट फेस्टचं नाव, कॉलेजचं नाव, गाव, तारीख आणि वार चित्रातच हवेत, कारण चित्र पुढे पाठवलं जातं तेव्हा कॅप्शन बहुधा मागेच राहते. आमच्या एका सुंदर पोस्टरवर कॉलेजचं नावच नव्हतं. शेजारच्या तालुक्यातल्या मुलांपर्यंत ते पोहोचलं, पण फेस्ट कुठे आहे हे शोधायला त्यांना आधी कोणाचा तरी नंबर मिळवावा लागला.

आता हे सगळं लागू पडतंय का, ते कसं ओळखायचं? लाइक्स पाहू नका. पहिल्या तासातले लाइक्स बहुतेक आयोजकांचेच असतात. खातं प्रोफेशनल करून घेतलं तर प्रत्येक पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी पुढे पाठवली, हे दिसतं. नियमावलीची पोस्ट सेव्ह होत नसेल, तर मजकूर अपुरा आहे असं समजा. त्याहून भरवशाची खूण फॉर्मच्या त्या पहिल्या रकान्यात असते. पोस्टनंतरच्या चोवीस तासांत त्या स्पर्धेच्या किती नोंदी आल्या ते रोज रात्री बघा. फॉर्ममध्ये ‘हे कुठून कळलं?’ हा प्रश्न ठेवला तर आणखी स्पष्ट होतं. आमच्याकडे बाहेरच्या संघांपैकी बरेचजण ‘मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलं’ असं लिहीत. ते पाहूनच आम्ही प्रत्येक पोस्टचं चित्र वर्गप्रतिनिधींच्या ग्रुपवर वेगळं पाठवायला लागलो. पहिल्या आठवड्यानंतरही पथनाट्याची नोंद येत नसेल, तर आणखी पोस्ट टाकत बसू नका. नाट्यमंडळाच्या मुलांना आणि जवळच्या कॉलेजांच्या सांस्कृतिक प्रमुखांना फोन करा. पोस्टचं काम तिथे संपलेलं असतं.

या कामाला मर्यादाही आहे. शेवटच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा लागली असेल, तर कुठलाही काउंटडाउन गर्दी आणू शकत नाही. परीक्षेचं वेळापत्रक हातात घेऊनच फेस्टची तारीख ठरवायला हवी, आणि ते प्रसिद्धीच्या टीमने मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ठामपणे मांडायला हवं.

यंदा हे काम तुमच्याकडे आलं असेल, तर पहिलं पोस्टर उघडण्याआधी प्रत्येक स्पर्धेची नियमावली पूर्ण लिहून, सांस्कृतिक प्रमुखांची सही घेऊन हातात ठेवा. ती तयार नसेल तर काउंटडाउन सुरू करू नका.