दुसऱ्या नर्सला लिहिलेली चिठ्ठी

गंभीर आजारात त्रास कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात; ती घरी येऊनही दिली जाते. नेहमीची नर्स रजेवर असली की दुसरी टीम येते. तिला घर अनोळखी असते. त्यामुळे आम्ही जाण्यापूर्वी एक नोंद लिहून फाईलमध्ये ठेवतो. ती कशी असावी, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, मावशींचा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची 10 मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. मध्येच कळ आली तर तेवढीच एक जादा गोळी. नोंदीत नुसते ‘वेदना कमी करणे’ लिहिले तर नव्या नर्सला काय कळणार? म्हणून आम्ही मावशींनाच विचारतो, “तुम्हाला काय जमायला हवं?” त्या म्हणतात, “रात्री झोप लागावी, आणि मोरीपर्यंत चालता यावं.” हेच उद्दिष्ट आम्ही लिहितो. पुढे लिहितो: चालताना दुखते, म्हणून जादा गोळी आंघोळीच्या अर्धा तास आधी. कळ आल्यामुळे दिवसात तीनपेक्षा जास्त जादा गोळ्या लागल्या, तर नेहमीचा डोस अपुरा आहे, डॉक्टरांना कळवा. मॉर्फिनने शौचाला खडा होतो, म्हणून रोज रात्री रेचक. शेवटचे शौच कधी झाले तेही लिहा. हाक मारूनही नीट जागे न होणे, श्वास मंद होणे दिसले तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करा.

दुसरा भाग घरच्यांच्या इच्छेचा. मावशी म्हणतात, “मला घरीच राहू द्या.” सून तयार आहे. परगावचा थोरला मुलगा मात्र फोनवर सांगतो, “आईला दवाखान्यात न्या.” आम्ही तिघांचे म्हणणे वेगवेगळे, तारखेसह लिहितो. मुलाचे म्हणणे गाळले, तर मध्यरात्री श्वास लागताच अनोळखी टीम त्याच्या एका फोनवर ॲम्ब्युलन्स बोलावते, आणि मावशींची इच्छा बाजूला राहते. शेवटच्या वेळी कानावर त्रिशरण पडावे, असे मावशींनी सांगितले असेल, तर तेही लिहायचे.

पण ‘घरीच’ म्हणजे कधीच दवाखाना नाही, असे नव्हे. हाड मोडले तर दवाखाना लागू शकतो. अचानक पायांतली ताकद गेली, लघवी अडली, तर कर्करोगाने मणक्यातला मज्जारज्जू दाबलेला असू शकतो. तेव्हा तासांचाही उशीर महागात पडतो. लवकर उपचार झाला तर चालणे वाचू शकते. अशा वेळी जायला मावशी तयार आहेत का, हे आधीच विचारून लिहावे.

तुमच्या घरी अशी फाईल असेल तर नर्स निघण्यापूर्वी नोंद मोठ्याने वाचून घ्या. रुग्णाचे शब्द त्यात नसतील, तर तिथेच लिहायला सांगा.